पोटॅशियम ५.८ आलं, तेव्हा लॅबला काय विचारलं

रिपोर्ट संध्याकाळी पाच चाळीसला आला. पीडीएफच्या सहाव्या पानावर एक ओळ लाल अक्षरांत होती : पोटॅशियम ५.८, पुढे 'H'. छापलेली मर्यादा ३.५ ते ५.१. काका, म्हणजे माझे चुलत सासरे, ठाण्यात कासारवडवलीला राहतात. वय ६४, रक्तदाबासाठी रोज टेल्मिसार्टन ४० घेतात, बाकी काही तक्रार नाही. मे महिन्यातली वार्षिक तपासणी होती, सकाळी लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला होता.

त्यांच्या मुलाने लॅबच्या नंबरवर लगेच मेसेज टाकला : "पोटॅशियम जास्त दाखवतंय. रिपोर्ट बरोबर आहे का? परत चेक करा." अर्ध्या तासात उत्तर आलं : "सर, व्हॅल्यू रीचेक केली आहे. कन्फर्म आहे. डॉक्टरांना दाखवा."

हे उत्तर खरं होतं, तरी त्याचा उपयोग नव्हता. मी बायोकेमिस्ट्री विभागात टेक्निशियनचं काम करते, त्यामुळे 'रीचेक केलं' म्हणजे प्रत्यक्षात काय केलं हे ठाऊक आहे. ठेवलेली नळी रॅकमधून काढली, मशीनवर पुन्हा लावली, ५.८ च्या जागी ५.७ किंवा ५.८ आलं, झालं. याला आम्ही री-रन म्हणतो. मशीनची सुई अडकली, नळीत बुडबुडा आला, इलेक्ट्रोडचं कॅलिब्रेशन सरकलं, तर री-रनमध्ये ते सापडतं. पण पोटॅशियमच्या बाबतीत घोळ बहुतेक वेळा मशीनवर होत नाही. तो रक्त घेताना होतो किंवा नळी मशीनपर्यंत पोचेपर्यंतच्या वाटेवर होतो. नळीतलं पोटॅशियम वाटेतच वाढलं असेल, तर ती नळी दहा वेळा लावली तरी दहाही वेळा ५.८ च येणार. मशीन बरोबर आहे, नळीतलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारा पिवळसर पातळ भाग, तोही खरोखर ५.८ चा आहे, फक्त काकांच्या अंगातलं रक्त ५.८ चं नाही, असं होऊ शकतं.

म्हणून "परत तपासायला हवं का" हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. याच नळीची री-रन हवी का? आणि नवीन रक्त घ्यायला हवं का? पहिल्याचं उत्तर मिळालं होतं. दुसरा कुणी विचारलाच नव्हता.

मात्र तो विचारण्याआधी एक काम करायचं होतं. पोटॅशियम हा हृदयाच्या ठोक्याशी बांधलेला आकडा आहे, आणि टेल्मिसार्टन हे पोटॅशियम खरोखर वाढवू शकणाऱ्या गोळ्यांपैकी आहे. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ह्याही त्याच पंगतीतल्या. त्यामुळे 'नळीची चूक असेल' असं धरून चालणं बरोबर नव्हतं. ब्रिटनमधल्या किडनीतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत ५.५ ते ५.९ सौम्य, ६.० ते ६.४ मध्यम आणि ६.५ किंवा त्यावर तीव्र अशी विभागणी आहे. माणूस ठणठणीत असेल तर सौम्य गटात तीन दिवसांत आणि मध्यम गटात चोवीस तासांत नवा नमुना घ्यायचा, आणि ६.५ ला थेट हॉस्पिटल. तिथे लॅबला मेसेज लिहीत बसायचं नसतं. अंगात शक्ती नसणं, छातीत धडधड, चक्कर, लघवी कमी होणं यातलं काही असेल, किंवा किडनीचा आजार आधीपासून असेल, तर आकडा कमी असला तरी थांबायचं नाही.

काका त्याच संध्याकाळी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ईसीजी काढला. पोटॅशियम खूप वाढलं की टी लहर तंबूसारखी टोकदार होते, पुढे पी लहर सपाट होते आणि क्यूआरएस रुंदावतो. यातलं काही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की ईसीजी नॉर्मल असला म्हणून पोटॅशियम नॉर्मलच असेल असं नाही, दोन दिवसांत पुन्हा करा, गोळी मी सांगेपर्यंत बंद करू नका. मग आम्ही मेसेज लिहायला बसलो.

लिहिण्याआधी रिपोर्टचीच बाकीची पानं नीट वाचली. लाल ओळ पाहिली की लोक तिथेच थांबतात, पण पोटॅशियम खोटं वाढण्याची जी नेहमीची कारणं आहेत, त्यांतली निम्मी त्याच रिपोर्टमधल्या दुसऱ्या आकड्यांवरून धरता किंवा सोडता येतात.

आधी हे लक्षात घ्यायला हवं की पोटॅशियमच का. शरीरातलं पोटॅशियम जवळपास सगळं पेशींच्या आत असतं. लाल पेशीच्या आत ते प्रति लिटर १०० मिलिमोलच्या आसपास, आणि बाहेरच्या पातळ भागात जेमतेम ४. म्हणजे आत-बाहेर पंचवीस पटींचा फरक. हा फरक आपोआप राहत नाही. पेशीच्या भिंतीतला सोडियम-पोटॅशियम पंप सारखं पोटॅशियम आत ओढत असतो, आणि त्यासाठी त्याला साखर जाळून मिळणारी ऊर्जा लागते. पेशी फुटली, किंवा पंप मंदावला, की आतलं पोटॅशियम बाहेर येतं. बाहेर मुळात इतकं कमी असतं की जरासं सांडलं तरी आकडा उडतो. दोनशे लाल पेशींतली एक फुटली, तरी पोटॅशियम साधारण अर्ध्या मिलिमोलने वर जातं. रिपोर्टवर एकक mmol/L असो की mEq/L, पोटॅशियमसाठी आकडा तोच राहतो, त्यावरून गोंधळायचं कारण नाही.

पहिला संशय हिमोलिसिसचा, म्हणजे लाल पेशी फुटल्याचा. बारीक सुई, सिरिंजने जोर लावून ओढलेलं रक्त, तेच रक्त सुईतून दाबून नळीत भरणं, नळी गदागदा हलवणं, ह्या सगळ्याने पेशी फुटतात. पेशीतलं हिमोग्लोबिन बाहेर आल्याने सीरम गुलाबी किंवा लालसर दिसतं. पोटॅशियमबरोबर एलडीएच आणि एसजीओटी ही एन्झाइमंही वाढतात, कारण तीही लाल पेशीत भरलेली असतात, तर एसजीपीटी फारसं हलत नाही. काकांचं एसजीओटी २६, एसजीपीटी २४. हिमोलिसिसचं लक्षण नव्हतं, पण थोडं असेल तर एसजीओटीवर ते उठून दिसेलच असं नाही, म्हणून तो प्रश्न मेसेजमध्ये ठेवला.

दुसरा संशय जांभळ्या झाकणाच्या नळीचा. सीबीसीसाठी जी नळी असते, तिच्या आत ईडीटीए लावलेलं असतं, आणि ते ईडीटीए पोटॅशियमचा क्षार म्हणून असतं. आधी जांभळी नळी भरली आणि मग तीच सुई, पोटॅशियम जिच्यातून करतात त्या पिवळ्या झाकणाच्या जेल नळीत घातली, किंवा, याहून वाईट, जेल नळी कमी भरली म्हणून जांभळीतलं रक्त तिच्यात ओतलं, तर पोटॅशियम वाढतं. पण ईडीटीए एकटं येत नाही. ते कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे कॅल्शियम खाली जातं, आणि अल्कलाइन फॉस्फटेज ह्या एन्झाइमला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियम ओढून घेतं म्हणून तेही घसरतं. पोटॅशियम वर आणि कॅल्शियम विनाकारण खाली अशी जोडी दिसली की आमच्याकडे नवा मुलगासुद्धा 'ईडीटीए' म्हणून हात वर करतो. काकांचं कॅल्शियम ९.४, अल्कलाइन फॉस्फटेज ७८. हा संशय सोडून दिला.

तिसरं, प्लेटलेट. रक्त गोठताना प्लेटलेट फुटतात आणि थोडं पोटॅशियम सोडतात, म्हणून सीरममधलं पोटॅशियम प्लाझ्मापेक्षा, म्हणजे न गोठलेल्या रक्तातल्या पातळ भागापेक्षा, नेहमीच किंचित जास्त असतं. प्लेटलेट पाच लाखांच्या वर असतील तर हा फरक मोठा होतो. अशा माणसाला हिरव्या झाकणाच्या हेपरिन नळीत, न गोठलेल्या रक्तावर, पोटॅशियम करून बघतात. काकांच्या प्लेटलेट दोन लाख साठ हजार होत्या, तेव्हा तोही मुद्दा नव्हता.

मग किडनी. क्रिएटिनिन ०.९, युरिया २८, सोडियम १३९. चार महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टात क्रिएटिनिन ०.९ च आणि पोटॅशियम ४.५. तेव्हाही टेल्मिसार्टन ४० चालूच होतं. निरोगी माणसाचं पोटॅशियम एका तपासणीतून दुसरीपर्यंत दहा-बारा टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतं. ४.५ वरून ५.८ म्हणजे जवळजवळ तीस टक्क्यांची उडी, आणि तीही गोळी तीच, किडनी तीच असताना. आहारात काही बदललं का, हेही विचारलं. रोजचं मीठ तेच होतं. हा प्रश्न मुद्दाम विचारायला हवा, कारण 'लो सोडियम' म्हणून विकलं जाणारं मीठ निम्म्याच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड असू शकतं, आणि रक्तदाबाच्या माणसाला घरचेच प्रेमाने ते आणून देतात.

आता उरलं होतं ते रिपोर्टवर सगळ्यात लहान अक्षरांत होतं. पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात तीन वेळांची नोंद छापलेली असते : रक्त घेतल्याची, लॅबमध्ये पोचल्याची आणि रिपोर्ट निघाल्याची. काकांच्या रिपोर्टवर घेतल्याची वेळ सकाळी ६.५०, पोचल्याची दुपारी १.२०. साडेसहा तास.

इथे मी काकांना सकाळचं सगळं पुन्हा आठवायला लावलं. लॅबच्या मुलाने दंडाला पट्टा बांधला, शीर सापडेना म्हणून म्हणाला, "काका, मूठ आवळा, सोडा, आवळा, सोडा." काकांनी पंधरा-वीस वेळा तसं केलं. शीर फुगली, सुई गेली, रक्त भरेपर्यंत पट्टा तसाच. नळ्या त्याने एका पिशवीत घातल्या आणि निळ्या थर्माकोलच्या पेटीत ठेवल्या. पेटीत, काकूंच्या शब्दांत, "बर्फाच्या विटा खच्चून भरलेल्या होत्या." मे महिना होता, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. मग तो पुढच्या घरी गेला. त्याच्याकडे सेंट्रीफ्यूज, म्हणजे नळी वेगाने फिरवून पेशी आणि सीरम वेगळं करणारं यंत्र, नव्हतं.

मूठ उघडमीट हा प्रकार आपल्याकडे इतका रुळलेला आहे की पेशंट स्वतःहून सुरू करतो. पट्टा बांधलेल्या हातात स्नायू काम करतात, स्नायूंच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, आणि पट्ट्यामुळे ते रक्त तिथेच साचून राहतं. सुई नेमकी त्याच रक्तात जाते. ह्यानेच पोटॅशियम एक मिलिमोलपर्यंत, कधी त्याहूनही जास्त वाढल्याचं नोंदलेलं आहे. पेशी फुटलेल्या नसल्याने सीरम स्वच्छ पिवळं दिसतं, म्हणून लॅबमध्ये बसलेल्याला काही कळायला मार्ग नसतो.

बर्फाचा मुद्दा याहून चकवणारा आहे. बहुतेकांना वाटतं, आणि पेटी भरणाऱ्यालाही तसंच वाटतं, की थंड ठेवलं म्हणजे नमुना टिकला. पेशींपासून वेगळं केलेलं सीरम थंडीत टिकतं, हे खरं. पण पेशी अजून सीरमला चिकटून आहेत, नळी फिरवलेली नाही, अशा वेळी थंडीने उलटंच होतं. दोन ते आठ अंशांवर सोडियम-पोटॅशियम पंप जवळपास थांबतो. आतलं पोटॅशियम झिरपत बाहेर येत राहतं, परत ओढून घेणारं कुणी नसतं. पेशी फुटत नाहीत, त्यामुळे इथेही सीरम पिवळंच. तीच न फिरवलेली नळी साध्या खोलीच्या तापमानाला ठेवली असती तर साखर असेपर्यंत पंप चालू राहिला असता आणि पहिले काही तास पोटॅशियम बऱ्यापैकी स्थिर राहिलं असतं. पेटीशिवाय उन्हात तापलेल्या डिकीत राहिली असती, तर पंप जास्त वेगाने चालून सुरुवातीला पोटॅशियम चक्क कमी दिसू शकलं असतं. म्हणजे उन्हाळ्याच्या भीतीने जितका बर्फ जास्त, तितका हा आकडा वर.

योग्य रीत अशी आहे की जेल नळी भरल्यावर पाच वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, अर्धा तास उभी ठेवून रक्त गोठू द्यायचं, मग सेंट्रीफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवायची, आणि हे सगळं रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत. फिरवून काढलेली नळी हातात घेतली की तळाला गडद लाल गोळा दिसतो, त्यावर पांढुरक्या जेलचा बोटभर थर, आणि त्याच्याही वर गव्हाच्या काडीच्या रंगाचं सीरम. तो जेलचा थर नीट बसला की खालचं पोटॅशियम वर येऊ शकत नाही. त्यानंतर बर्फात घाला, घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकवा, ऐरोली पूल ओलांडून नवी मुंबईच्या मुख्य लॅबमध्ये न्या, पोटॅशियमला फारसा धक्का लागत नाही.

एवढं कळल्यावर मेसेज लिहिणं सोपं होतं. हा पाठवलेला मेसेज, नाव आणि नंबर काढून :

"नमस्कार. लॅब नंबर अमुक, पेशंटचं वय ६४, पुरुष. आजच्या रिपोर्टात सीरम पोटॅशियम ५.८ आलं आहे. चार महिन्यांपूर्वी ४.५ होतं. क्रिएटिनिन दोन्ही वेळा ०.९. टेल्मिसार्टन ४० दोन वर्षांपासून चालू आहे, डोस बदललेला नाही. पेशंटला त्रास नाही, डॉक्टरांना दाखवलं आहे, ईसीजी काढला आहे.

तुम्ही व्हॅल्यू रीचेक केली असं कळवलंत, त्याबद्दल आभार. ती त्याच नळीची री-रन होती की नवा नमुना घ्यावा असं तुमचं मत आहे, हे कळवावं. त्यासाठी पुढची माहिती हवी आहे.

या नमुन्याचा हिमोलिसिस इंडेक्स किती आला? रक्त ६.५० ला घेतलं आणि लॅबमध्ये १.२० ला पोचलं असं रिपोर्टवर आहे. जेल नळी सेंट्रीफ्यूज किती वाजता केली? पाठवण्यापूर्वी की पोचल्यावर? मधल्या वेळात ती बर्फाच्या पेटीत होती का?

रक्त घेताना पट्टा बांधून मूठ पंधरा-वीस वेळा उघडमीट करायला सांगितली होती, हे तुमच्या माहितीसाठी. कॅल्शियम ९.४ आणि प्लेटलेट २.६ लाख असल्यामुळे ईडीटीए किंवा प्लेटलेटमुळे वाढ झाली असावी असं वाटत नाही.

नवा नमुना द्यायचा झाल्यास जागेवर सेंट्रीफ्यूज असलेलं तुमचं ठाण्यातलं केंद्र कोणतं ते सांगावं. कृपया हा मेसेज पॅथॉलॉजिस्ट किंवा बायोकेमिस्ट यांच्यापर्यंत पोचवावा. डॉक्टरांनी दोन दिवसांत पुन्हा तपासायला सांगितलं आहे, त्यामुळे उद्या दुपारपर्यंत उत्तर मिळालं तर बरं."

यात मुद्दाम काही गोष्टी ठेवल्या. लॅब नंबर सगळ्यात वर, कारण त्याशिवाय नमुना शोधता येत नाही, आणि नमुने किती दिवस ठेवायचे याला मर्यादा असते. आधीचा आकडा दिला, कारण आधीचा रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा असेल तर ह्यांच्या संगणकात तो दिसत नाही. औषध सांगितलं, कारण ते लपवलं तर पॅथॉलॉजिस्ट चुकीचा कौल देईल. 'रिपोर्ट चुकीचा आहे' असा शब्द कुठे येऊ दिला नाही. तसं लिहिलं की मेसेज तक्रारींच्या खात्यात जातो आणि तिथून ठराविक उत्तर येतं. वेळ, तापमान आणि इंडेक्स विचारले की फोनवरच्या मुलीकडे त्याचं उत्तर नसतं, आणि तिला तो आत पाठवावाच लागतो.

हिमोलिसिस इंडेक्सबद्दल थोडं. आताची बरीचशी मोठी ॲनालायझर प्रत्येक सीरमवर प्रकाश टाकून त्यात हिमोग्लोबिन, बिलिरुबिन आणि चरबी किती आहे याचा अंदाज घेतात. हा आकडा मशीनमध्ये नोंदलेला असतो, पण रिपोर्टवर सहसा छापत नाहीत. विचारला तर सांगता येतो. इंडेक्स जास्त असेल तर काही जण सूत्र लावून 'इतकं वजा करा' म्हणतात. तसं करू नये. किती पेशी फुटल्या आणि त्यांतून किती पोटॅशियम आलं याचं प्रमाण माणसागणिक बदलतं, आणि वजाबाकी करून नॉर्मल केलेल्या आकड्याखाली खरी वाढ दडू शकते.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंचा फोन आला आणि मागोमाग लेखी उत्तर. हिमोलिसिस इंडेक्स नगण्य. सेंट्रीफ्यूज केल्याची वेळ दुपारी २.०५. म्हणजे रक्त घेतल्यापासून सव्वासात तास नळी न फिरवता राहिली, त्यातला बहुतेक वेळ थंड पेटीत. भागातल्या केंद्रावर ती आधी फिरवली जायला हवी होती, त्या दिवशी ती सरळ पुढे गेली. त्यांनी स्पष्ट लिहिलं : "या परिस्थितीत पोटॅशियमचा अर्थ लावू नये, ताजा नमुना द्यावा, शुल्क लागणार नाही." क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांवर एवढ्या वेळाने लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही, आणि साखरेची राखाडी नळी व सीबीसीची जांभळी नळी वेगळी असल्याने ते आकडे ग्राह्य आहेत, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. हे महत्त्वाचं होतं, नाहीतर घरचे अख्खं पॅकेज पुन्हा करायला निघाले होते.

नव्या नमुन्यासाठी काका केंद्रावर गेले. घरी बोलावलं नाही. उपाशी राहायची गरज नव्हती, पोटॅशियमला ती नसते. गोळी नेहमीच्या वेळी घेतली. तपासणी चांगली यावी म्हणून दोन दिवस गोळी किंवा फळं बंद करणारे लोक मी पाहते. तसं केलं की दुसरा आकडा कशामुळे खाली आला हे कुणालाच सांगता येत नाही, नळी सुधारली म्हणून की गोळी थांबली म्हणून. पहिल्या वेळेपेक्षा फक्त नमुना घेण्याची रीत बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं.

काकांना आधीच सांगून ठेवलं होतं, मूठ आवळायची नाही, हात सैल सोडायचा. शीर दिसत नसेल तर हात खाली लोंबता ठेवायचा किंवा कोमट पाण्याचं फडकं लावायचं. तिथल्या ताईंनी विचारलं, "मूठ बंद करता का जरा?" काका म्हणाले, "ताई, पोटॅशियम आहे, मूठ नको." त्यांना लगेच समजलं. पट्टा बांधून शीर बोटाने चाचपली, सुई आत गेली, नळीत रक्त यायला लागताच पट्टा सोडला. पट्टा एक मिनिटाच्या आत सुटायला हवा, इथे अर्ध्या मिनिटात सुटला. फक्त पिवळी नळी घेतली. दोन-तीन नळ्या असत्या तर गोठू द्यायची पिवळी आधी, मग जांभळी, शेवटी राखाडी असा क्रम. राखाडीतही अनेकदा पोटॅशियम ऑक्झलेट असतं, म्हणून ती मागे. रक्त ९.१० ला घेतलं, ९.४५ ला नळी सेंट्रीफ्यूजमध्ये होती. ताईंनी ती बाहेर काढून दाखवली, जेल अगदी आडवं, सरळ बसलेलं.

तिथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. जेल तिरकं बसलं किंवा सीरम कमी निघालं तर कुणी कुणी तीच जेल नळी पुन्हा फिरवतात. जेलच्या खाली पेशींसोबत राहिलेलं सीरम त्यामुळे वर येतं, आणि त्यात पोटॅशियम भरपूर असतं. जेल नळी एकदाच फिरवायची. कमी पडलं तर वरचं सीरम वेगळ्या नळीत काढून घ्यायचं, नाहीतर नवं रक्त घ्यायचं.

संध्याकाळी आकडा आला : ४.४.

५.८ आणि ४.४ मधल्या १.४ पैकी बर्फाचे किती आणि मुठीचे किती, हे वेगळं करून सांगता येत नाही. दोन्ही एकाच दिशेने ढकलणारे होते आणि दोन्ही एकाच वेळी काढून टाकले. तेवढं पुरेसं होतं. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन तसंच चालू ठेवलं आणि तीन महिन्यांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन पुन्हा सांगितलं.

दुसरा नमुनाही ५.६-५.८ आला असता, तर तो खरा धरून चालायचं होतं. मग लॅबशी बोलणं संपतं आणि डॉक्टरांशी सुरू होतं : गोळीचा डोस, सोबत सांधेदुखीसाठी घेतलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, मूत्रसंसर्गावर दिलेलं ट्रायमेथोप्रिम, शहाळ्याचं पाणी किती पितात, लघवीची तपासणी.

शेवटचा मेसेज लॅबला आणखी एकच पाठवला. पहिला रिपोर्ट त्यांच्या ॲपमध्ये ५.८ च्या लाल ओळीसह तसाच होता. पुढे कुठल्या हॉस्पिटलमध्ये कुणी तो उघडला, तर त्याला सेंट्रीफ्यूजची वेळ दिसणार नव्हती. म्हणून मागितलं : "पहिल्या रिपोर्टवर पोटॅशियमसमोर शेरा घालून सुधारित रिपोर्ट द्यावा." तो चार दिवसांनी आला, वर 'सुधारित' असा शब्द आणि नवी तारीख. पोटॅशियमच्या ओळीखाली लिहिलं होतं : नमुना वेगळा करण्यास उशीर, मूल्य ग्राह्य धरू नये, ताज्या नमुन्याचा रिपोर्ट पाहावा. काकूंनी दोन्ही रिपोर्टांच्या प्रती एकाच पिनेत टोचून फाइलला लावल्या आहेत.